लातूर–नांदेड : दुपारचा प्रवास, सकाळचे दर्शन

लातूर ते नांदेड हे अंतर सुमारे १४० किलोमीटर असून मोटारीने साडेतीन तासांचे आहे. तरीही बहुतेक कुटुंबांचा त्यात पूर्ण दिवस खर्ची पडतो. न्याहारी आटोपून नऊच्या सुमारास निघावे, दीड वाजता खोली ताब्यात घ्यावी, जेवण व विश्रांती होईतो चार वाजावेत, असा क्रम असतो. साडेतीन तासांच्या प्रवासाने सात तास घेतले आणि त्यात सकाळ गेली.

मराठवाड्यात स्थळे पाहण्यास योग्य वेळा दोनच : सूर्योदयानंतरचे तीन तास आणि चारनंतरचे दोन. मधल्या उन्हात किल्ल्याचा दगड तापतो व ज्येष्ठ मंडळी थकतात. म्हणून ही मधली वेळच प्रवासाला द्यावी.

हिवाळ्यातील एक आराखडा पाहू. मुंबईहून रात्रीच्या गाडीने सकाळी लातूर गाठावे. पहिल्या दिवशी विश्रांती घेऊन चार वाजता वीस किलोमीटरवरील औशाचा किल्ला पाहावा. दुसऱ्या दिवशी साडेसहाला खरोशाकडे निघावे. तेथील डोंगरात हिंदू, बौद्ध व जैन परंपरेच्या लेण्या आहेत. पावणेआठ ते साडेनऊ हा वेळ तेथे देऊन अकराच्या आत लातुरास परतावे. सामान आदल्या रात्रीच बांधलेले असले, की जेवण करून बाराला खोली सोडता येते.

अहमदपूरमार्गे पावणेतीनच्या सुमारास लोहा येते. तेथून वाट थोडी वाकडी करून कंधार गाठावे. खंदकाने वेढलेला तेथील भुईकोट सव्वातीन ते पाच या वेळेत निवांत पाहून होतो. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. म्हणून चौविहार पाळणाऱ्यांनी डबा बरोबर ठेवून भोजन कंधारलाच उरकावे, कारण पन्नास किलोमीटरवरील नांदेडास पोहोचेपर्यंत सात वाजतात. तिसऱ्या दिवसाची सकाळ अशा रीतीने सचखंड गुरुद्वारा व गोदातीरासाठी संपूर्ण मोकळी राहते; परतीची गाडी रात्रीची घ्यावी.

या आराखड्याला मर्यादाही आहे. एस.टी.ने जाणाऱ्यांना सामानासह कंधारला उतरणे गैरसोयीचे ठरते. त्यांनी दुपारी सरळ नांदेड गाठावे आणि कंधारसाठी तेथून स्वतंत्र अर्धा दिवस राखावा. म्हणजेच मुक्काम एका रात्रीने वाढवावा. उन्हाळ्यात वातानुकूलित वाहन नसेल, तर दुपारचा रस्ता टाळून पहाटे पाचला निघणे बरे.

आराखडा बरा की वाईट, हे निघण्यापूर्वीच कळते. प्रत्येक दिवसापुढे सकाळी आठ आणि सायंकाळी पाच वाजता आपण कोठे असू, ते लिहावे. त्या रकान्यांत स्थळाऐवजी ‘रस्त्यात’ हा शब्द दोनदा आला, तर एखादे गाव गाळावे किंवा एक रात्र वाढवावी.