ऑटोपे फसला, हे आधी ग्राहकाला सांगा



पोस्टपेड मोबाइलचे बिल ऑटोपेवर टाकले की ग्राहक शेवटची तारीख बघणे सोडून देतो. ती सोय त्यासाठीच आहे. म्हणून रक्कम कापली गेली नाही, तर विलंब शुल्क लावण्याआधी तसे कळवणे हे कंपनीचे काम आहे.

आमच्या घरातला अनुभव सांगतो. ४९९ रुपयांचा प्लॅन, १८ टक्के जीएसटी धरून महिना साधारण ५८९ रुपये. यूपीआय ऑटोपेला परवानगी देताना कमाल मर्यादा हजार रुपये ठेवली होती. एका महिन्यात परदेशातल्या रोमिंगचे हजार रुपये वाढले आणि त्यावरचा जीएसटी धरून बिल १,७६९ वर गेले. मर्यादेपेक्षा मोठी रक्कम ऑटोपेतून जात नाही. हजार कापून उरलेले मागाहून घेतले, असेही होत नाही. सगळे बिलच थकते. पुढच्या बिलात १०० रुपये विलंब शुल्क आले. अशा शुल्कावरही जीएसटी लागत असल्याने प्रत्यक्षात ११८ गेले. तोवर आउटगोइंग बंद झाले होते. इनकमिंग चालू असल्यामुळे फोनमध्ये काही बिघडले आहे, हे दिवसभर कोणाच्या ध्यानात आले नाही. घरातल्या वयस्कर माणसाने डॉक्टरांना फोन लावला, तेव्हा थकबाकीची ध्वनिमुद्रित सूचना ऐकू आली.

कंपनी म्हणते, बिल ईमेलवर पाठवले होते, मर्यादाही तुम्हीच ठरवली होती. दोन्ही खरे आहे. पण परवानगीची मर्यादा कंपनीच्या नोंदीत असते आणि बिलाची रक्कम तीच ठरवते. म्हणजे हे बिल ऑटोपेतून वसूल होणार नाही, हे बिल तयार झाले त्याच दिवशी तिला कळू शकते. कार्डाची मुदत संपते तेव्हाही असेच घडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑटोपेतून रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ठरलेल्या सुमारास ती आली नाही, तर वाचकांनी लगेच ॲप उघडून बिल भरावे.

वेळेवर पैसे न देणाऱ्याला शुल्क लावू नये, असे माझे म्हणणे नाही. मात्र ऑटोपे सुरू असलेल्या ग्राहकाची वसुली फसली, तर ‘ऑटोपे झाला नाही’ असा स्पष्ट एसएमएस त्याच दिवशी जावा. त्यानंतर सात दिवस शुल्क लागू नये आणि आउटगोइंगही बंद होऊ नये. सेवा कोणत्या तारखेला बंद होणार, ते बिलावर देय तारखेशेजारीच छापलेले असावे.

ज्यांना असे शुल्क लागले आहे, त्यांनी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. निकाल पटला नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत दाद मागता येते आणि त्यासाठी शुल्क नाही. ‘ट्राय’ने वरील सात दिवसांची सवलत सर्व कंपन्यांना बंधनकारक करावी, ही विनंती.

– एक पोस्टपेड ग्राहक, ठाणे