दाढीचा कोंडा की गजकर्ण?

भारतातून परतताना लोणची-मसाल्यांबरोबर खाजेच्या मलमाची एखादी ट्यूब बॅगेतून येतेच. मुलाच्या दाढीत खाज सुटली, कण पडू लागले की घरात तीच पुढे केली जाते. आमचे मत स्पष्ट आहे: खाज कशाची ते कळल्याशिवाय ही ट्यूब चेहऱ्याला लावू नये.

कारण तिच्यात काय आहे ते पाहावे. अशा अनेक मलमांत बुरशीवरच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड असते. त्याने लाली आणि खाज दोन-चार दिवसांत ओसरते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आत निवांत वाढते.

मंडळातल्या एका २२ वर्षांच्या विद्यार्थ्याचे असेच झाले (त्याच्या परवानगीने लिहीत आहोत). हनुवटीच्या डाव्या बाजूला खाज होती. मलमाने ती थांबली, मलम बंद करताच परत आली. तिसऱ्या खेपेला चट्टा गळ्यापर्यंत उतरला, त्याची कड पुसट झाली आणि केस ओढताच न दुखता हातात येऊ लागले. डॉक्टरांनी त्वचा खरवडून ते कण पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवले. त्यात त्वचेच्या पेशी विरघळतात, बुरशीचे धागे मात्र टिकतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसले. गजकर्णच होते. बुरशी केसांच्या मुळाशी उतरली होती आणि तिथे मलम पोचत नाही, म्हणून त्याला सहा आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या.

कोंड्याची लक्षणे वेगळी असतात. खपल्या तेलकट, पिवळसर. त्या दोन्ही गालांवर, शिवाय भुवयांत, नाकाच्या कडांना आणि डोक्यातही दिसतात. केस मुळाशी घट्ट असतात. गजकर्ण बहुधा एकाच बाजूला सुरू होते. त्याची कड उंचावलेली असते, कधी पुळ्या येतात, केस तुटतात.

कोंडाच असेल तर येथे चिठ्ठीशिवाय मिळणारा १ टक्का केटोकोनॅझोलचा शांपू पुरतो. ओल्या दाढीत फेस करून पाच मिनिटे ठेवावा, मग धुवावा. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. आई-आजींना विनंती, तेवढे दिवस दाढीला तेल चोळू नये. कोंड्यामागची यीस्ट तेलावरच जगते.

दाढी पहिल्यापासूनच विरळ असेल आणि खाज नसेल, तर तो बहुधा घराण्याचा वारसा समजावा. पण नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा अचानक पडला तर तो तिसराच आजार असू शकतो. तो डॉक्टरांना दाखवावा.

आणखी एक. नेहमीच्या टर्बिनाफिन गोळ्यांना अनेकदा दाद न देणारी गजकर्णाची बुरशी भारतात पसरली आहे. अमेरिकेतले तिचे पहिले रुग्ण २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये नोंदले गेले. म्हणून डॉक्टरांकडे जाताना भारतवारीचा उल्लेख करावा आणि ती ट्यूब सोबत न्यावी. ट्यूबचा तेवढा उपयोग आम्हांला मान्य आहे.