तळटीपेतील ‘गीता १३.१’

पदवी-वर्गाच्या निबंधांत ‘गीता १३.१’ एवढीच तळटीप सर्रास आढळते. परंतु तिच्यावरून श्लोक निश्चित होत नाही. शांकरभाष्याच्या पाठात शरीराला ‘क्षेत्र’ म्हणणारा श्लोक पहिला आहे. काही प्रतींत त्याआधी अर्जुनाच्या प्रश्नाचा श्लोक येतो आणि पुढील प्रत्येक क्रमांक एकाने सरकतो. अध्यायाचे श्लोक ३४ की ३५, एवढे पाहिले की पाठ ओळखता येतो. खरा घोटाळा होतो तो संहिता एका प्रतीतून व अनुवाद दुसरीतून घेतल्यावर. अशा वेळी दोन्ही क्रमांक, आवृत्ती व अनुवादकाचे नाव तळटीपेत यावे. विनोबांच्या ‘गीताई’तील ओळ ‘गीता म्हणते’ म्हणून उद्धृत करणे तर सर्वस्वी गैर. तेथील शब्दांची निवड विनोबांची असते.