विश्लेषण : गृहिणीच्या नावावरची गुंतवणूक खरंच तिची असते का?

घर सांभाळणाऱ्या पत्नीसाठी पतीने संयुक्त बँक खातं उघडावं, एटीएम कार्डही द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी १० जुलै २०२४ रोजी पोटगीसंबंधीच्या निकालात म्हटलं होतं. त्यावर बरीच चर्चा झाली. पण खातं उघडल्यानंतर काय? पगार नसलेल्या गृहिणीने स्वतःच्या नावावर मुदत ठेव केली, म्युच्युअल फंडात एसआयपी सुरू केली, तर तो पैसा आणि त्यावरचं उत्पन्न नक्की कोणाचं, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. उत्तर मात्र प्राप्तिकर कायद्यात लिहिलेलं आहे.

पतीने दिलेल्या पैशांवरचं व्याज कोणाचं?

पतीने पत्नीला कितीही रक्कम भेट दिली तरी त्या भेटीवर कर नाही. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. गोंधळ त्यापुढे होतो. त्या रकमेतून जे उत्पन्न मिळतं ते पतीच्या उत्पन्नात मिळवलं जातं. याला ‘क्लबिंग’ म्हणतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात हे कलम ६४ मध्ये होतं आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. कमी कर भरण्यासाठी पतीने पैसे पत्नीच्या नावावर फिरवू नयेत, हा त्यामागचा हेतू.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका गृहिणीला पतीने ५ लाख रुपये दिले. तिने ते ७ टक्के दराने मुदत ठेवीत टाकले. पहिल्या वर्षी ३५,००० रुपये व्याज आलं. ठेव तिच्या नावावर, व्याज तिच्या पॅनवर, पण कर पतीने भरायचा. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह १०,९२० रुपये. आता दुसरं वर्ष. तिने व्याज काढलं नाही, मुद्दलातच राहू दिलं. या वर्षी ३७,४५० रुपये व्याज येईल. त्यातले ३५,००० पुन्हा पतीच्या उत्पन्नात. पण उरलेले २,४५० हे व्याजावरचं व्याज आहे आणि ते तिचं स्वतःचं उत्पन्न ठरतं. म्हणजे पतीच्या पैशांतूनही पत्नीची स्वतंत्र पुंजी तयार होते, फक्त मुंगीच्या पावलांनी.

अनेक घरांत हे व्याज दोघांच्याही विवरणपत्रात दाखवलं जात नाही. तिचं उत्पन्न करपात्र मर्यादेखाली म्हणून ती विवरणपत्र भरत नाही, आणि ठेव आपल्या नावावर नाही म्हणून तो दाखवत नाही. बँक मात्र व्याजाची माहिती तिच्या पॅनवर विभागाला देते आणि ती वार्षिक माहिती विवरणात दिसते. विचारणा झाली की पहिला प्रश्न असतो, मुद्दल कुठून आलं?

मग तिचा स्वतःचा पैसा कोणता?

लग्नाआधीची बचत, माहेरून मिळालेली रक्कम किंवा दागिने, आई-वडील वा भावाने दिलेली भेट, शिकवणी किंवा डब्यांतून झालेली कमाई आणि सरकारी योजनेतून थेट तिच्या खात्यात आलेले पैसे. ‘लाडकी बहीण’चे महिन्याचे १,५०० रुपयेही यातच. या पैशांवरचं उत्पन्न पतीला जोडलं जात नाही. सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलेल्या रकमेचं मात्र तसं नाही. तिच्यावरचं उत्पन्न देणाऱ्या सासू किंवा सासऱ्यांच्या उत्पन्नात जातं.

घरखर्चातून वाचवलेल्या पैशांचं काय? डाळीच्या डब्यातल्या नोटांवर कायद्यात ठरावीक आकडा लिहिलेला नाही. नोटाबंदीच्या वेळी ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने २,११,५०० रुपये खात्यात भरले होते. प्राप्तिकर अधिकाऱ्याने ते अघोषित उत्पन्न ठरवलं. २०२१ मध्ये प्राप्तिकर अपिली न्यायाधिकरणाच्या आग्रा पीठाने ते अमान्य केलं आणि ही गृहिणीची बचत असल्याचं मान्य केलं. पण तो निकाल नोटाबंदीतल्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्यापुरता होता. तो दाखवून आज कितीही रोकड भरता येईल, असा त्याचा अर्थ नाही. त्यापेक्षा दर महिन्याला उरलेले हजार-दोन हजार त्याच महिन्यात खात्यात टाकत राहणं सोपं. पासबुकातल्या नियमित छोट्या नोंदी हाच सगळ्यात चांगला पुरावा.

म्हणून दोन खाती ठेवणं शहाणपणाचं. एकात पतीकडून आलेली मोठी रक्कम, दुसऱ्यात स्वतःची. एकदा सरमिसळ झाली की कोणतं व्याज कुणाचं हे सांगणं सनदी लेखापालालाही जड जातं. पतीच्या पैशांतून पत्नीच्या नावाने पीपीएफ उघडणं सोयीचं. त्याचं व्याज करमुक्तच असल्याने पतीच्या उत्पन्नात जोडलं तरी कर वाढत नाही. वर्षाला दीड लाखांची मर्यादा तिच्या खात्याला वेगळी मिळते. पैसे पंधरा वर्षं अडकतात, मधे काढण्यावर बंधनं आहेत, हे लक्षात ठेवावं. मुदत ठेव आणि फंड स्वतःच्या पैशांतून करावेत, कारण तिथलं व्याज आणि नफा करपात्र असतो.

अडतं कुठे?

बहुतेक वेळा नावावर. पॅन लग्नाआधीचं, त्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधार लग्नानंतर बदललेलं, त्यावर पतीचं नाव आणि सासरचं आडनाव. बँकेत तिसरंच काही. मग पॅन-आधार जोडणी फसते, केवायसी ‘होल्ड’वर जाते आणि एसआयपी सुरूच होत नाही. त्यामुळे फंड निवडण्याआधी विवाह नोंदणी प्रमाणपत्राच्या आधारे तिन्ही ठिकाणी एकच नाव करून घेणं, हे पहिलं काम. सरकारी कागदात बाईचं नाव एवढ्या वेळा का बदलावं लागतं, हा वेगळ्या लेखाचा विषय.

उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून कुणी अडवत नाही. केवायसी अर्जात व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ आणि उत्पन्नाच्या रकान्यात ‘एक लाखापेक्षा कमी’ हे पर्याय असतात. तो पुरावा फ्युचर्स-ऑप्शन्ससाठी मागितला जातो आणि तिथे जायची घाई नसलेलीच बरी. फंडाचे पैसे मात्र तिचं नाव असलेल्या बँक खात्यातूनच जावे लागतात. केवळ पतीच्या नावे असलेल्या खात्यातून भरलेले पैसे तृतीय पक्षाचे म्हणून परत येऊ शकतात.

खातं तिचं, ओटीपी कोणाचा?

कागदावर सगळं तिच्या नावावर असतं, पण मोबाइल क्रमांक आणि ईमेल पतीचा. कुटुंबातल्या व्यक्तीचा क्रमांक द्यायला नियमांत मुभा आहे, त्यामुळे हे राजरोस चालतं. परिणाम असा की खरेदी-विक्रीचा प्रत्येक ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि आपल्या नावावर किती युनिट आहेत हे तिलाच माहीत नसतं. पती आजारी पडला, वारला किंवा संबंध बिघडले, तर स्वतःच्याच पैशांपर्यंत पोहोचायला तिला बँकेच्या आणि फंड कंपनीच्या चकरा माराव्या लागतात.

हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. म्युच्युअल फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेकच्या संकेतस्थळावर पॅन आणि ईमेल टाकून एकत्रित खाते विवरण मागवता येतं. ते तिच्या इनबॉक्समध्ये आलं, तर संपर्क तिचा नोंदलेला आहे. ईमेल जुळत नाही असं उत्तर आलं, तर नोंद दुसऱ्याच्या नावाची आहे. ती बदलण्याचा अर्ज आधी बँकेत, मग केवायसी आणि फंडाकडे करावा. क्रमांक बदलल्यावर काही काळ व्यवहारांवर मर्यादा येऊ शकते, म्हणून पैशांची निकड नसताना हे काम उरकावं.