फोनवर ‘२४०’ दिसलं, म्हणजे कॉल संभाजीनगरचाच का?

छत्रपती संभाजीनगरचं नाव बदललं, पण एसटीडी कोड तोच राहिला: ०२४०. त्यामुळे स्क्रीनवर २४० दिसलं की कॉल आपल्याच शहरातला आहे, असं वाटतं. पण या आकड्यांच्या आधी काय आहे, ते आधी पाहा.

मोबाइलवर इथला लँडलाइन नंबर ०२४० ने सुरू होतो किंवा +९१ २४० असा दिसतो. +९१ हा भारताचा कोड, २४० शहराचा आणि पुढे सात आकडी नंबर. पण नंबर थेट +२४० ने सुरू होत असेल, तर तो इक्वेटोरियल गिनी या आफ्रिकी देशाचा आहे. अशा नंबरचा मिस्ड कॉल आला आणि तुम्ही उलट फोन लावला, तर आंतरराष्ट्रीय दराने पैसे कापले जातील.

समजा, कोड खरोखर +९१ २४० आहे. त्यावरून एवढंच कळतं की हा नंबर या भागातल्या लँडलाइनचा आहे. वाळूज एमआयडीसीतल्या कंपन्यांचे नंबरही ०२४० नेच सुरू होतात, त्यामुळे फोन शहरातून आला की वाळूजमधून, हे कोडवरून समजत नाही. शिवाय आता लँडलाइन नंबर इंटरनेटवरूनही चालवता येतो. म्हणजे नंबर इथला असला तरी बोलणारा दुसरीकडे बसलेला असू शकतो.

मोबाइल नंबरला तर शहराचा कोडच नसतो. कॉल आल्यावर ‘महाराष्ट्र आणि गोवा’ असं दिसतं, ते नंबर मुळात कोणत्या टेलिकॉम सर्कलसाठी दिला होता यावरून. मुंबईचं सर्कल वेगळं आहे. जुलै २०१५ पासून देशभरात कुठेही गेलात तरी जुनाच नंबर ठेवता येतो. त्यामुळे इथे घेतलेला नंबर वापरणारा माणूस आज दिल्लीत राहत असेल. व्हॉट्सॲप कॉलमध्ये दिसतो तो खातं उघडताना दिलेला नंबर. त्यावरूनही ठिकाण कळत नाही.

आणखी एक मेख म्हणजे स्क्रीनवरचा नंबर कॉल पाठवणाऱ्या बाजूकडून येतो आणि तो खोटा असू शकतो. परदेशातून भारतीय नंबर दाखवून येणारे कॉल अडवण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये यंत्रणा सुरू केली. पण सिम बॉक्स नावाचं उपकरण इंटरनेटवरून आलेला कॉल भारतातल्याच सिमवरून पुढे पाठवतं. तिथे दिसणारा नंबर खरा भारतीय असतो, फक्त बोलणारा भारतात असेलच असं नाही.

म्हणून ‘बँकेच्या संभाजीनगर शाखेतून बोलतोय’ असं कोणी म्हणालं, तर फोन ठेवा आणि पासबुकवरचा नंबर स्वतः डायल करा. आलेल्या कॉलवर दिसणारा नंबर खोटा असू शकतो, पण तुम्ही डायल केलेला कॉल त्या नंबरच्या खऱ्या मालकाकडे जातो. कॉल संशयास्पद वाटला तर संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षु’ सुविधेत तक्रार करा. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर फोन करा.