'अनुभव आहे का?' याने भागत नाही

देवळा-उमराण्याकडच्या कोणत्याही कांद्याच्या खळ्यावर कामाला घेताना एकच प्रश्न विचारतात, 'अनुभव आहे का?' मजुरी वाढवताना बघतात, हात किती चालतो. नवीन बाईला शिकवायचं तर सांगतात, 'शेजारणीचं बघ.' म्हणजे घेताना एक माप, जोखताना दुसरं आणि शिकवताना मापच नाही.

निवडणाऱ्या बाया, गोणी भरणारे, चाळ राखणारा आणि मुकादम या चौघांचं काम वेगळं असलं तरी एक कौशल्य सगळ्यांना लागतं, ते म्हणजे मालाची पारख. तेवढंच घेऊन त्याच्या पायऱ्या लिहाव्यात. पहिली: गोल्टी, मध्यम, मोठा वेगळा करते, सडका आणि जोड कांदा बाजूला काढते. दुसरी: डेंगळा आणि जाड मानेचा कांदा ओळखते, मान दाबून मऊपणा पकडते. तिसरी: ढीग पाहून हा माल लांबच्या गाडीला टिकेल की नाही ते सांगते, आणि का तेही सांगते. चौथी: गिऱ्हाईक बदललं की निवडीचा निकष बदलून इतरांना समजावते. गोणी भरणाऱ्याला पहिली पायरी पुरे, निवडणारीला दुसरी हवी, चाळ राखणाऱ्याला तिसरी, मुकादमाला चौथी.

आता कामाला घेताना गप्पा नकोत. एका क्रेटमध्ये मोजून दहा खराब कांदे मिसळायचे आणि किती सापडतात ते पाहायचं. वर्षाअखेरी निवडणाऱ्या बाईने स्वतः निवडलेल्या मालाच्या दोन-चार गोण्या उघडायच्या आणि पायऱ्यांच्या त्याच वाक्यांशी ताडायच्या. डेंगळे निसटत असतील तर शिकवायचं काय, हे वेगळं ठरवावं लागत नाही.

पायरीचं वाक्य चांगलं उतरलं का, हे तपासायची एक रीत आहे. दोन मुकादमांनी एकमेकांशी न बोलता त्याच बायांना पायरी द्यावी. एकीला एकाने दुसरी आणि दुसऱ्याने चौथी दिली, तर आधी वाक्य तपासावं. 'जबाबदारीने काम करते', 'मेहनती आहे' अशी वाक्यं इथेच पडतात, कारण त्यात डोळ्यांना दिसणारं काही नसतं. २०१३ पासून देशात कौशल्य पात्रतेचा राष्ट्रीय आराखडा आहे आणि शेतीकामांची मानकंही लिहिली गेली आहेत. ती जरूर वाचावीत, पण उन्हाळ कांद्याची मान कशी दाबायची हे खळ्यावरच्या बाईलाच विचारून लिहावं लागतं.

माझी खरी हरकत मात्र मजुरीवर आहे. पायऱ्यांच्या तक्त्यात पारख वर आणि मजुरी गोणीमागे, असं असलं की बाई पारख सोडून गोण्या मोजणार. तिचं काय चुकलं? तिसऱ्या पायरीच्या बाईला गोणीमागे थोडा जास्त दर द्यायची मालकाची तयारी नसेल, तर त्याने हा तक्ता करायलाच घेऊ नये.