नाव कापलं नाही, यादीत जागा बदलली

अनुदानाची जुनी यादी आडनावाने लागलेली असेल आणि नवी, आधारवर असतं तसं, पहिल्या नावाने लावली, तर एकाच भावकीची नावं पाच पानांवर विखुरतात. मग 'आपलं नाव कापलं' अशी ओरड होते.

समजा, जुन्या यादीत 'शिंदे ज्ञानेश्वर रामभाऊ' आहे. नव्या यादीत ते 'ज्ञानेश्वर रामभाऊ शिंदे' होईल. शाळेत आपण 'ज्ञ' सगळ्यात शेवटी शिकलो, पण संगणक बरेचदा त्याला 'ज' आणि 'ञ'चं जोडाक्षर धरतो. म्हणून शेवटच्या पानावर नाव नसेल, तर 'ज'ची नावं संपतात तिथे बघा.

खरी चूक जोड आडनावात होते. 'राजे भोसले ज्ञानेश्वर रामभाऊ' यातला पहिलाच शब्द उचलून शेवटी टाकला, की 'भोसले ज्ञानेश्वर रामभाऊ राजे' होतं आणि नाव 'भ'मध्ये जातं. असं नाव आधारशी जुळत नाही, पैसे अडकू शकतात.

यादीत गट नंबर असेल तर त्यावरूनच आपली ओळ शोधा. नाव असं उलटंपालटं दिसलं, तर आधारची झेरॉक्स जोडून तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.